अंडे, मीठ आणि वजनकाटा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हे दोन ग्लास हमखास दिसतात. एकात साधे पाणी आणि तळाशी गेलेले अंडे, दुसऱ्यात मिठाचे पाणी आणि वर आलेले अंडे. शेजारी उभा असलेला मुलगा पाठ केलेले वाक्य म्हणून दाखवतो, 'मिठामुळे पाण्याची घनता वाढते म्हणून अंडे तरंगते,' आणि पाहुणे पुढच्या टेबलाकडे सरकतात. याच मुलाला विचारून बघा, की निम्मेच मीठ टाकले असते तर काय झाले असते? बहुधा तो बाईंकडे पाहील. कारण या प्रयोगातला शिकण्यासारखा भाग त्या दोन ग्लासांच्या मधला आहे आणि तो कुणी मांडलेलाच नसतो.

तो मांडायला एक जास्तीची वस्तू लागते. घरोघरी पोळ्या-भाकऱ्यांच्या पिठासाठी नाहीतर केकसाठी आणलेला, एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा वजनकाटा. शाळेतला स्प्रिंगचा ताणकाटा इथे कामाचा नाही, कारण आपल्याला मोजायचा फरक फक्त तीन-चार ग्रॅमचा आहे.

सातवी-आठवीच्या वर्गासाठी दोन तास पुरतात. पाच-सहा मुलांच्या गटाला एक पारदर्शक बरणी, अर्धा लिटर पाणी, शंभर ग्रॅम बारीक मीठ, एक अंडे, थोडा दोरा आणि लसणाच्या पिशवीची जाळी द्यावी. अंडे उकडलेले असले तर बरे. कच्चे फुटले की तास पुसापुशीत जातो, आणि कच्च्या अंड्याला हात लावल्यावर मुलांना साबणाने हात धुवायला पाठवावे लागते ते वेगळेच. ज्या शाळेत अंडे चालत नाही तिथे छोटा बटाटा घ्या. बटाट्याची घनता अंड्याच्या जवळपासच असते, धडा जसाच्या तसा चालतो.

आधी अंड्याचे वजन करायचे. समजा, ते ५६ ग्रॅम भरले. आता बरणीत अर्धा लिटर पाणी घेऊन ती काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. अंडे जाळीत घालून दोऱ्याला बांधा आणि हळूच पाण्यात सोडा. ते पूर्ण बुडले पाहिजे, पण तळाला किंवा काचेला टेकता कामा नये. दोरा हातातच आहे, अंडे अधांतरी लटकते आहे. काटा काय दाखवेल? हा प्रश्न प्रयोगाआधी विचारून उत्तर वहीत लिहून घ्यावे. कुणी शून्य लिहितो, कारण अंडे आपण धरले आहे. कुणी ५६ लिहितो. काटा दाखवतो ५२.

हे ५२ आले कुठून? अंड्याने आपल्याइतक्या जागेतले पाणी बाजूला सारले. पाणी अंड्याला वर रेटते आणि तेवढ्याच जोराने अंडे पाण्याला खाली दाबते. हा दाब काट्यापर्यंत पोचतो. म्हणजे काट्यावरचा आकडा हाच पाण्याचा रेटा, ज्याला आठवीच्या पुस्तकात प्लावक बल म्हटले आहे. आर्किमिडीजने सांगितले ते एवढेच, की हा रेटा बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाइतका असतो. साध्या पाण्याचा एक मिलिलिटर सुमारे एक ग्रॅम भरतो, म्हणून अंड्याचे आकारमान ५२ मिलिलिटर हेही आपल्याला फुकटात कळले. अंड्याचे वजन ५६ आणि रेटा ५२. चार ग्रॅम कमी पडतात. ते चार ग्रॅम दोऱ्याने धरले आहेत. दोरा सैल सोडला, की अंडे तळाला जाते.

आता मीठ. अंडे बाहेर काढा, वीस ग्रॅम मीठ टाका, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा, काटा पुन्हा शून्यावर आणा आणि अंडे पुन्हा लटकवा. आकडा ५३ येतो. रेटा वाढला, पण अंडे अजूनही बुडतेच. इथे थोडे थांबून मुलांना सांगावे, की समुद्राच्या पाण्यात साधारण एवढेच मीठ असते, लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास. 'समुद्रात ताजे अंडे तरंगेल का?' या प्रश्नाला वर्गातली बहुतेक मुले हो म्हणतात. उत्तर 'नाही' असे आहे. किनाऱ्यावरच्या शाळांनी बाटलीभर समुद्राचे पाणी आणून खुशाल पाहावे.

आणखी वीस ग्रॅम टाकले, की काटा ५५ च्या आसपास जातो. एकूण साठ ग्रॅम झाले, की ५६. आता दोरा सैल सोडला तर अंडे ठरवू शकत नाही कुठे जायचे ते. तळाजवळ रेंगाळते, बोटाने ढकलले तर वर येऊन पुन्हा हळूहळू खाली बसते. ऐंशी ग्रॅमला मात्र ते वर येते आणि रुपयाच्या नाण्याएवढी त्याची टोपी पाण्याबाहेर दिसू लागते. मुलांच्या वहीत आता ५२, ५३, ५५, ५६ असे आकडे आहेत. अंडे 'अचानक' तरंगले नाही, पाण्याचा रेटा दर वीस ग्रॅमला थोडा थोडा वाढत गेला आणि अंड्याच्या वजनाला जाऊन भिडला, हे त्या आकड्यांतच दिसते. घनतेची व्याख्या फळ्यावर लिहायची ती यानंतर.

तरंगत्या अंड्याचा दोरा पूर्ण सोडून काट्याकडे पाहायला सांगा. तरंगणारी वस्तू हलकी झाली, तिचे वजन जणू नाहीसे झाले, असा समज पक्का असतो. काटा ५६ दाखवतो. अंडे तळाशी बसलेले असताना दोरा सोडला होता तेव्हाही तो ५६ च दाखवत होता. बरणीला अंड्याचे ओझे तेवढेच, मग ते कुठेही असो.

मीठ घातल्याने रेटा का वाढतो, हेही त्याच बरणीवर दाखवता येते. सुरुवातीला पाण्याच्या पातळीवर खूण करून ठेवलेली असावी. साठ ग्रॅम मीठ विरघळल्यावर पाणी वाढते ते जेमतेम वीस मिलिलिटरने. वजन साठने वाढले, जागा वीसने. त्यामुळे अंडे बाजूला सारते ते ५२ मिलिलिटर पाणी आता आधीपेक्षा जड आहे.

'पाणी दाट झाले म्हणून अंडे तरंगले' असे वर्गातून हमखास येते. हे खोडून काढायला बोलण्याचा उपयोग होत नाही. एका वाटीत गोडेतेल घ्या आणि त्यात बटाट्याचा तुकडा टाका. तेल पाण्यापेक्षा कितीतरी चिकट आणि दाट, तरी तुकडा मुकाट्याने बुडतो, कारण त्याच मापाचे तेल पाण्यापेक्षा हलके भरते. दुसरी शंका अशी असते, की मीठ अंड्यात शिरून ते हलके होते. अंडे पुसून पुन्हा वजन करा, ५६ च भरेल. साध्या पाण्यात टाका, बुडेल. साखर घेऊनही प्रयोग होतो, मात्र अंडे वर यायला मिठाच्या साधारण दुप्पट साखर लागते. मिठात काही खास गुण नाही हे त्यातून कळते. खर्च परवडत असेल तर एका गटाला साखर द्यावी.

आता बिघडते कुठे ते. सर्वांत जास्त गोंधळ घालते ते न विरघळलेले मीठ. ते तळाशी साचते, तिथले पाणी जास्त खारट होते आणि वरचे कमी. मग अंडे मधेच अडकते आणि आकडे ताळ्यावर राहत नाहीत. ढवळून पाणी थोडे गढूळ दिसले तर घाबरू नये, ते पाकिटातल्या मिठात मिसळलेल्या, गुठळी होऊ न देणाऱ्या पदार्थामुळे असते. पण तळाशी दाणे दिसता कामा नयेत. मीठ चमच्याने मोजण्यापेक्षा काट्यावरच मोजावे, कारण खडे मीठ आणि बारीक मीठ यांचा चमचा सारखा भरत नाही. जाळीत हवेचे बुडबुडे अडकले असतील तर बोटाने झटकावेत. शिवाय बरेच काटे दोन-तीन मिनिटे हात लागला नाही, की आपोआप बंद पडतात आणि शून्य विसरतात. अंडे लटकवण्याच्या अगदी आधी शून्य करण्याची सवय लावावी.

एवढे करूनही गटागटांचे आकडे जुळणार नाहीत. एकाचे अंडे पन्नास ग्रॅम मिठाला वर येईल, दुसऱ्याचे सत्तरला. शिक्षकांनी इथे 'बरोबर उत्तर साठ' असे मुळीच सांगू नये. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात. त्यांतून आतले पाणी वाफेच्या रूपाने उडत राहते आणि त्या जागी हवा शिरते, तिची पोकळी बोथट टोकाशी वाढत जाते. कवच तेवढेच राहते, वजन घटते. म्हणून ताजे अंडे साध्या पाण्यात तळाशी आडवे पडते, काही दिवसांचे झाले, की बोथट टोक वर करून उभे राहू लागते आणि फार जुने झाले तर साध्या पाण्यातच तरंगते. वर्गात आणलेले अंडे असे निघाले तर मिठाचा सगळा खटाटोप वाया. आदल्या दिवशी प्रत्येक अंडे साध्या पाण्यात टाकून पाहावे, आडवे पडेल तेच घ्यावे. उकडायचे असेल तर ही पारख त्याआधी करावी.

दुसऱ्या तासाच्या शेवटी वेळ उरला तर एक गंमत करता येते. शंभर ग्रॅम मिठाचे पाणी मोठ्या बरणीत घ्या, त्यावर चमचा टेकवून साधे पाणी अगदी हळू ओता आणि अंडे सोडा. ते दोन्ही पाण्यांच्या सीमेवर येऊन थांबते. बरणी हलवली नाही तर दुसऱ्या दिवशीही ते मधेच असते.

भातपट्ट्यातल्या शिक्षकांना हा धडा शेतापर्यंत नेता येईल. भाताची रोपवाटिका टाकण्याआधी बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून निवडायची शिफारस कृषी विभाग करतो. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, म्हणजे तीन टक्क्यांचे द्रावण. पोल आणि हलके दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेले चांगले बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचे. या पाण्यात ताजे अंडे तरंगणार नाही आणि का तरंगणार नाही, हे मुलांना आता आकड्यानिशी सांगता येईल. शाळा जूनमध्ये उघडते तेव्हा गावात हेच काम चाललेले असते. त्या दिवसांत मूठभर भात वर्गात मागवून घ्यावे आणि तिसरा तास त्याचा करावा.