माश्या गेल्या, पोळं भिंतीतच

सातेरी मधमाश्या अंधारी पोकळी शोधतात. झाडाची ढोली मिळाली नाही, तर जुन्या भिंतीतली पोकळी त्यांना चालते. आत वरून खाली लोंबणारी मेणाची पोळी त्या समांतर बांधतात. बाहेरून दिसते ती फक्त बोटभर फट आणि तिथली ये-जा.

जाणकार मधपाळ भिंत उघडून अंड्या-अळ्यांची पोळी कापतो, मधपेटीच्या चौकटींत दोऱ्याने बांधतो, राणी पेटीत नेतो. राणी आत गेली की कामकरी माश्या मागोमाग येतात. संध्याकाळी, सगळ्या परतल्यावर, पेटी हलवतात. इथेच काम संपलं असं घरमालकाला वाटतं, आणि मधाची पोळी भिंतीतच राहतात.

माश्या असेपर्यंत त्या पंखांनी वारा घालून पोळं थंड ठेवतात, मेणपतंगाच्या अळ्या हुसकावतात. राखणदारच गेल्यावर उन्हाने भिंत तापते, मेण मऊ पडून पोळं कोसळतं. मध ओल शोषून आंबतो आणि गिलाव्यातून पाझरतो. भिंतीवर चिकट तपकिरी डाग, आंबूस वास, मुंग्यांची रांग दिसली, तर आत हेच घडतंय. शिवाय मेणाच्या वासाने पुढच्या हंगामात नवा थवा तिथेच येतो.

म्हणून शेवटचा तुकडाही काढावा, मेण खरवडावं, पोकळी पुसून, भरून फट लिंपावी. नुसती फट बुजवून भागत नाही. आधी कीटकनाशक फवारलं असेल, तर तो मध चाखूही नये आणि उघड्यावरही टाकू नये. दुसऱ्या वसाहतींच्या माश्या तो उचलून नेतात.