ड्रिपच्या पाण्याला ॲसिड किती? ईसी मीटरची मोडलेली रेघ सांगते

दापोरा (जि. बुऱ्हाणपूर) : केळीच्या बागेत ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा, खरखरीत थर दिसला, की शेतकरी ॲसिडचा ड्रम काढतो. दापोऱ्यापासून पलीकडे रावेरपर्यंत केळीच्या पट्ट्यात हे नेहमीचंच. हा थर म्हणजे चुना, आणि बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे तो बसतो. ॲसिडनं तो विरघळतो, पण किती टाकायचं हे बहुतेक वेळा अंदाजानंच ठरतं. कमी पडलं तर चुना तसाच राहतो, जास्त झालं तर फिटिंग आणि मुळं दोन्हींना त्रास.

हा आकडा काढायची एक जुनी पद्धत आहे, कंडक्टोमेट्रिक टायट्रेशन. नाव मोठं असलं तरी काम साधं आहे. पाण्यात थोडं थोडं ॲसिड घालत जायचं आणि प्रत्येक वेळी पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजायचं. खताचं द्रावण तपासायला अनेकांकडे पेनासारखा ईसी मीटर असतो, तो हेच मोजतो.

रंग बदलणारं औषध टाकून हीच तपासणी शाळेच्या प्रयोगशाळेतही होते. त्यात मिथिल ऑरेंज पिवळ्यावरून लालसर कधी झालं, हे डोळ्यानं ठरवावं लागतं. दोन माणसांचं त्यावर एकमत होत नाही, आणि गढूळ पाण्यात तर रंग दिसतच नाही. मीटरला रंगाशी काही देणंघेणं नसतं.

पाण्यात वीज वाहून नेतात ते आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण. सगळे सारख्या वेगानं पळत नाहीत. प्रत्येक आयनाचा वाटा वेगळा मोजता येतो, हे जर्मनीच्या फ्रीडरिश कोलराउश यांनी १८७० च्या दशकात दाखवलं. २५ अंश तापमानाला बायकार्बोनेटचा आकडा सुमारे ४४, क्लोराइडचा ७६ आणि ॲसिडमधल्या हायड्रोजन आयनाचा तब्बल ३५०. हायड्रोजन एवढा पुढे का? तो स्वतः सगळं अंतर धावत नाही. पाण्याचे रेणू त्याचा भार एकमेकांना हातोहात देतात, जशा रांगेत उभ्या मजुरांच्या हातून पाट्या पुढे जातात.

आता बोअरच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड पडलं की सुरुवातीला त्यातला हायड्रोजन बायकार्बोनेटच्या तावडीत सापडतो. दोघांचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. पाण्यातून एक बायकार्बोनेट गेला, त्याच्या जागी एक क्लोराइड आला. ४४ च्या जागी ७६, म्हणून ईसी वाढते, पण हळूहळू. बायकार्बोनेट संपला की पुढच्या थेंबाचा हायड्रोजन मोकळा राहतो. त्यासोबत क्लोराइडही आहेच, म्हणजे ३५० अधिक ७६. ईसी एकदम चढू लागते. आलेखावर जवळजवळ आडवी असलेली रेघ मोडून उभी होते. जिथे मोडली तोच अंत्यबिंदू. तिथे पाण्याचा पीएच साधारण सव्वाचार ते साडेचार असतो, आणि ड्रिपच्या नळ्या धुण्यासाठी पाणी जिथवर आणतात ते याच्या आसपासच.

करायचं कसं? ड्रममधलं ॲसिड १० मिलि घेऊन पाण्यात ओतायचं आणि एकूण १ लिटर करायचं. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. हातमोजे, चष्मा हवाच. हे पाणी डिस्टिल्ड असावं, कारण बोअरचंच घेतलं तर त्यातला बायकार्बोनेट आधीच थोडं ॲसिड खाऊन टाकतो. मग बोअरचं ताजं पाणी मोजून १०० मिलि काचेच्या ग्लासात घ्यायचं, मीटर बुडवायचा, सिरिंजनं पातळ ॲसिड घालायचं, ढवळायचं, आकडा थांबला की लिहायचा.

समजा सुरुवातीला ईसी १०१० मायक्रोसिमेन्स आहे. २ मिलिला ती १०७०, ४ ला ११३०, ६ ला ११९० झाली. दर मिलिला ३० ची वाढ. पुढे ७ ला १४४०, ८ ला १८४०, ९ ला २२४०. आता दर मिलिला ४००. पहिल्या चार बिंदूंतून एक रेघ, शेवटच्या तीनमधून दुसरी. दोन्ही वाढवल्या की ६.४ मिलिला छेदतात. नेमकं मोडीपाशी वाचन घ्यायची गरजच नाही. तिथे रेघ किंचित गोलाईनं वळते, त्यामुळे दूरचे बिंदूच जास्त भरवशाचे.

हे आकडे मात्र मीटरवर दिसतील तसे नाहीत. ॲसिडसोबत पाणीही वाढतं आणि सगळंच पातळ होतं. ९ मिलिला मीटर २०५५ च दाखवेल. १०० चे १०९ मिलि झाले म्हणून त्याला १.०९ नं गुणायचं, तेव्हा २२४० येतात. हा हिशेब सोडला तर खाऱ्या पाण्यात पहिली रेघ चढण्याऐवजी उतरताना दिसते. उतरती रेघ दिसली की गुणाकार राहिला, असं समजावं.

आता ड्रमचं गणित. ॲसिड १०० पट पातळ केलं होतं, म्हणजे ६.४ मिलित मूळ ॲसिड फक्त ०.०६४ मिलि. तेवढं १०० मिलि पाण्याला लागलं, तर १००० लिटरला ६४० मिलि. ड्रमवर किती टक्के लिहिलंय, ते खरं की खोटं, ॲसिड जुनं होऊन उतरलंय का, याची चिंताच नाही. ज्या ड्रमनं मोजलं तोच ड्रम वापरायचा, एवढंच. मीटर नीट कॅलिब्रेट नसला तरी फरक पडत नाही. तो सगळीकडे दहा टक्के जास्त दाखवत असेल तर दोन्ही रेघा सारख्याच उंचावतात आणि छेद त्याच जागी राहतो. चूक महागात पडते ती मापात. १०० मिलि पाणी आणि १० मिलि ॲसिड नीट मोजलेलं हवं.

बिघाड होतो तो बहुतेक बुडबुड्यांनी. कार्बन डायऑक्साइड मीटरच्या टोकाला चिकटतो आणि आकडा विनाकारण खाली येतो. मीटर हलकेच आपटला की बुडबुडे सुटतात आणि आकडा पुन्हा चढतो. तापमानाचंही बघावं लागतं, कारण एक अंश वाढला तर ईसी सुमारे २ टक्के वाढते. पहिली रेघ आधीच मंद, त्यामुळे पाणी उन्हात तापत राहिलं तर तिचा चढ फसवा होतो. नमुना सावलीत ठेवावा.

पाण्यात गाळ असेल तर आधी गाळून घ्यावं. गाळातला चुना ॲसिड खातो आणि आकडा फुगतो. उलट, बाटली दोन दिवस उघडी, गरम जागी राहिली तर चुना तळाशी बसतो आणि आकडा कमी येतो.

या चाचणीतून बायकार्बोनेट कळतो, चुना बनवणारं कॅल्शियम पाण्यात किती आहे ते नाही. नळ्यांत आधीच साचलेल्या थरासाठी लागणारं ॲसिडही यात धरलेलं नाही. म्हणून ६४० मिलि ही सुरुवात. ॲसिड सोडल्यावर शेवटच्या ड्रिपरचं पाणी पीएच पट्टीनं बघायचं. तिथे ते ५ च्या वर असेल, तर थर अजून ॲसिड खातोय. आणि त्याच टाकीत शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर घातलेली नसावी. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही कामं वेगवेगळ्या दिवशी, मध्ये नळ्या साध्या पाण्यानं धुऊन.