चुकीचं पार्सल गेलं? ग्राहकाला माफीचा ईमेल असा लिहा

समजा, तुम्ही घरून साड्या विकता. नाशिकच्या एका ताईंनी हिरवी इरकल मागवली आणि त्यांच्या हातात जांभळी पडली. साखरपुडा शनिवारी आहे. अशा वेळी बरेच जण काय पाठवतात?

'सदर ऑर्डरबाबत त्रुटी झाल्याचे निदर्शनास आले आहे. आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

ही भाषा सरकारी नोटिशीची. चूक कुणाची आणि हिरवी साडी कधी मिळणार, हे दोन्ही यातून कळत नाही. त्याऐवजी हे वाचा:

'नमस्कार ताई, तुम्ही हिरवी इरकल मागवली होती, मी जांभळी पाठवली. पॅकिंग करताना दोन पार्सलांची लेबलं मी उलटसुलट लावली. माफ करा. साडी शनिवारच्या साखरपुड्यासाठी हवी, हे तुम्ही ऑर्डरमध्ये लिहिलं होतं, म्हणून दुसरी हिरवी इरकल आज दुपारीच कुरिअरला दिली. ट्रॅकिंगवर गुरुवार दिसतोय, नंबर खाली आहे. जांभळी न्यायला कुरिअरवाला घरी येईल, खर्च माझा. गुरुवारी संध्याकाळपर्यंत हिरवी आली नाही, तर मला थेट फोन करा. तेव्हा साडी नको वाटली, तर पूर्ण पैसे परत देईन.'

यात सगळा फरक क्रियापदाचा आहे. मराठीत 'चूक झाली' म्हटलं की करणारा गायब होतो. जणू पाऊस पडला तशी चूक झाली. 'मी लेबलं उलटसुलट लावली' म्हटलं की वाद संपतो. 'तुम्हाला त्रास झाला असल्यास क्षमस्व' यातला 'असल्यास' तर काढाच. त्रास झालेलाच आहे!

आणखी एक गोष्ट: आधी साडी कुरिअरला द्या, मग ईमेल लिहा. नाहीतर 'लवकरात लवकर' याखेरीज लिहायला काही उरत नाही. तारीख मात्र ट्रॅकिंगवर दिसते तीच द्या, मनाने ठरवू नका.

चूक कबूल केली तर आपण अडकू, अशी भीती अनेकांना वाटते. पण 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, ठरल्याप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला किंवा तिचे पैसे द्यायला ऑनलाइन विक्रेता नकार देऊ शकत नाही. गोलमोल भाषेने ही जबाबदारी टळत नाही, फक्त ग्राहक चिडतो.

आणि लेबलं बदलली आहेत, म्हणजे जांभळी मागवणाऱ्या दुसऱ्या ताईंकडे हिरवी गेली आहे. त्यांची तक्रार यायची वाट बघू नका, त्यांनाही त्याच दिवशी लिहा. पार्सलमध्ये बिल असेल, तर एकीचं नाव, पत्ता, फोन नंबर दुसरीच्या घरी पोहोचला आहे. तेही दोघींना स्पष्ट सांगा आणि बिल साडीसोबतच परत मागवा.