उपाशीपोटीचे रक्त आणि सकाळची गोळी

मधुमेही मनुष्यास उपाशीपोटी रक्त तपासून घ्यावयास सांगितले, म्हणजे घरात एक प्रश्न हमखास निघतो. सकाळची गोळी घेऊन निघावयाचे, की न घेता? बहुतेकांच्या बाबतीत उत्तर सोपे आहे: गोळी बरोबर न्यावी, आणि रक्त दिल्यावर न्याहारीसमवेत घ्यावी. मात्र यामागील कारण ध्यानी आल्यावाचून हा नियम नीट पाळला जात नाही.

उपाशीपोटीच्या तपासणीपूर्वी निदान 8 तास पाण्यावाचून काही घ्यावयाचे नसते. बिनसाखरेचा म्हणून दुधाचा चहाही चालत नाही. या अवधीत रक्तात येणारी साखर अन्नातून नव्हे, तर मुख्यत्वे यकृतातून येते. म्हणून सकाळचा आकडा सांगतो तो रात्रीचा वृत्तांत. आदल्या दिवशीच्या औषधाने साखर कितपत आवरली, हे त्यावरून कळते. अर्थात आदल्या रात्रीची गोळी नेहमीप्रमाणे घेतलीच पाहिजे. सकाळची गोळी ही पुढच्या अन्नासाठी असते. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडास इन्सुलिन सोडावयास लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. केवळ मेटफॉर्मिनने साखर सहसा फार उतरत नाही, पण रिकाम्या पोटी त्याने मळमळ व जुलाब होण्याचा संभव असतो.

समजा, तासगावचे एक गृहस्थ रक्त देण्यासाठी सांगलीस निघाले आहेत. सकाळी ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन, आणि रात्री मेटफॉर्मिन, असे त्यांचे औषध आहे. सकाळी 6 वाजता त्यांनी सवयीने दोन्ही गोळ्या घेतल्या. एस. टी. उशिरा आली, प्रयोगशाळेत रांग लागली आणि 9 वाजेपर्यंत ते उपाशीच राहिले. अशा वेळी दरदरून घाम सुटणे, हात कापणे, छातीत धडधडणे, बोलण्यात गोंधळ होणे ही लक्षणे दिसू लागली, तर साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली असण्याचा दाट संभव असतो. तेथे तपासणीचा मोह सोडावा. शुद्धीवर असलेल्या मनुष्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून तत्काळ द्यावी, 15 मिनिटांनी साखर पुन्हा मोजावी, आणि ती कमीच असल्यास पुन्हा तितकीच द्यावी. बेशुद्ध मनुष्याच्या तोंडात मात्र काही घालू नये. त्यास लगेच रुग्णालयात न्यावे.

याच्या उलट चूक सातारच्या दुसऱ्या एका गृहस्थाच्या हातून होते, असे समजू. औषधही त्यांचे तेच. त्यांनी 8 वाजता उपाशीपोटी रक्त दिले, न्याहारी केली. पण तपासणी पुरी होईपर्यंत औषध नको, या समजुतीने गोळ्या खिशातच ठेवल्या. न्याहारीनंतरच्या दुसऱ्या नमुन्यात साखर साहजिकच चढलेली निघाली. गोळी घेतलेली नाही हे डॉक्टरांस ठाऊक नसेल, तर औषध अपुरे पडते असे मानून ते मात्रा वाढवतील. आणि घरी ती वाढीव मात्रा नियमाने घेतली जाऊ लागली, की एखाद्या दुपारी साखर धोक्याइतकी उतरेल. दुसरा नमुना औषधासह अन्न कसे पचते हे पाहण्यासाठीच असतो.

तेव्हा वेळापत्रक असे बसवावे. रात्री 9 वाजता जेवण व रात्रीची गोळी. सकाळी केवळ पाणी. 8 वाजता पहिला नमुना. 8 वाजून 15 मिनिटांनी बरोबर आणलेली भाकरी-भाजी नेहमीइतकी, आणि तिच्यासमवेत सकाळच्या गोळ्या. दुसरा नमुना 10 वाजून 15 मिनिटांनी. कारण ते दोन तास पहिल्या घासापासून मोजावयाचे असतात, हात धुतल्यापासून नव्हे. एखादी गोळी जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावयाची असेल, तर ती रक्त दिल्यावरच घ्यावी, आणि तीही डबा हाताशी असेल तरच. गोळी व न्याहारी यांची वेळ कागदावर टिपून अहवालासमवेत डॉक्टरांस दाखवावी.

या नियमास अपवाद आहेत. सेमाग्लुटाइडची गोळी मुळातच रिकाम्या पोटी घोटभर पाण्याबरोबर घ्यावयाची असते, आणि इन्सुलिनचा हिशेब तर निराळाच. तेथे डॉक्टरांस आधी विचारून ठेवावे. रक्तदाबाची गोळी बहुधा वेळेवर पाण्याबरोबर घेता येते. आणि केवळ तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीए1सी ही तपासणी सांगितली असेल, तर उपाशी राहण्याचे कारणच नाही. न्याहारी करून, गोळी घेऊन खुशाल जावे.