तोच दिवस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून

सहकारी दूध संघाच्या कार्यालयात सकाळी पहिल्यांदा काय उघडलं जात असेल, तर कालचा संकलन अहवाल. किती लिटर आलं, त्यात गायीचं किती, म्हशीचं किती, फॅट आणि एसएनएफ काय लागली, कुठल्या केंद्राचं दूध घटलं. हा अहवाल रात्रीच तयार झालेला असतो. गावच्या केंद्रावर सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतो, यंत्र फॅट दाखवतं, पावती निघते. प्रत्येक पावती म्हणजे एक नोंद. दिवसभराच्या नोंदींची फाइल संघाकडे जमा होते आणि मध्यरात्रीनंतर एक जॉब, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, ती फाइल डेटाबेसात भरतो. बहुतेक रात्री सगळं सुरळीत पार पडतं. आपल्याला पाहायची आहे ती बिघाडाची रात्र.

समजा, 14 मार्चच्या फाइलीत 8,640 नोंदी आहेत आणि जॉब हजार-हजारांच्या गठ्ठ्यांनी त्या भरतो. प्रत्येक गठ्ठा भरला की तो पक्का होतो. पाच गठ्ठे आत गेले आणि सहाव्याच्या वेळी सर्व्हरशी जोडणी तुटली. रात्रपाळीच्या ऑपरेटरला पडद्यावर ‘फेल’ दिसलं. त्यानं कुणीही केलं असतं तेच केलं, जॉब पुन्हा चालवला. या वेळी तो शेवटपर्यंत गेला आणि हिरवी खूण आली.

डेटाबेसात आता 13,640 नोंदी आहेत. एका पावतीला सरासरी 6 लिटर धरलं, तर खरं संकलन 51,840 लिटर. अहवाल दाखवतो 81,840. आकडा नेमका दुप्पट झाला असता, तर लगेच कुणीतरी ओरडलं असतं. पण फाइलीत केंद्रं क्रमांकानं लावलेली असतात, त्यामुळे दुप्पट झाली ती फक्त सुरुवातीची. शेवटच्या केंद्रांचे आकडे बरोबर आहेत. कुणी पडताळणीसाठी नेमकं त्यातलंच एखादं केंद्र उचललं, तर सगळं ठीक असल्याचीच खात्री पटते. ही चूक महिन्याच्या बेरजेत मिसळली, की ती शोधायला एक माणूस आठवडाभर बसवावा लागतो. आणि याच नोंदींवरून दहा दिवसांचं दूध बिल निघत असेल, तर प्रश्न अहवालापुरता राहत नाही, पैशाचा होतो.

अशा वेळी पहिला उपाय सुचतो तो असा: अहवाल काढताना सारख्या दिसणाऱ्या नोंदी एकदाच धरायच्या. एसक्यूएलमध्ये `DISTINCT` हा एक शब्द टाकला की झालं. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात वाईट उपाय आहे. एखादा सभासद एकाच वेळी दोन किटल्या आणतो, दोन्ही 10 लिटरच्या, एकाच गोठ्यातल्या, फॅटही तीच. अहवालात पावती क्रमांक घेतलेला नसेल, तर या दोन खऱ्या नोंदी एकसारख्याच दिसतात आणि `DISTINCT` त्यातली एक गिळून टाकतं. आधी आकडा फुगत होता, आता तो घटतो. आणि घटलेला आकडा तर कुणाच्या लवकर लक्षातही येत नाही.

उपाय भरतानाच करायला हवा. जुन्या पद्धतीचा सचिव एखाद्या दिवसाची नोंद चुकली, की ते पान रद्द करून दिवस नव्यानं लिहून काढतो. अर्धवट पानाखाली पुन्हा पहिल्यापासून लिहीत नाही. जॉबनंही तेच करायचं. ज्या दिवसाची फाइल भरायची, त्या दिवसाचं आधीचं जे काही असेल ते पुसायचं, मग पूर्ण दिवस भरायचा. फाइल आधी एका तात्पुरत्या तक्त्यात उतरवून घ्यायची. तो तक्ता दर वेळी रिकामा करूनच भरायचा. त्यानंतरची पोस्टग्रेस डेटाबेसातली आज्ञा एवढीच:

```sql
BEGIN;
DELETE FROM milk_rows WHERE file_date = :'d';
INSERT INTO milk_rows
SELECT * FROM stage_milk WHERE file_date = :'d';
COMMIT;
```

इथे `BEGIN` आणि `COMMIT` यांना फार महत्त्व आहे. त्यांच्या मधलं सगळं काम डेटाबेस एकच व्यवहार मानतो. पुसणं झालं आणि भरताना वीज गेली, तर पुसणंही रद्द होतं, तक्ता जसा होता तसा राहतो. हजार-हजारांचे गठ्ठे पक्के करण्यात मुळात हाच दोष होता. हे अभय सगळीकडे सारखं मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावं. पोस्टग्रेसमध्ये अख्खा तक्ता रिकामा करणारी `TRUNCATE` ही आज्ञा व्यवहाराच्या आत मागे घेता येते. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये ती दिली की आधीचं सगळं तिथल्या तिथे पक्कं होतं. तिथे पुसायला साधी `DELETE` वापरावी.

आता त्या `:'d'` कडे वळू. ही तारीख जॉबला बाहेरून द्यायची. बरेच जॉब तारीख स्वतःच ठरवतात, ‘आजच्या आधीचा दिवस’ म्हणून `CURRENT_DATE - 1` लिहितात. रोजच्या रात्री ते चालून जातं. पण 14 तारखेचा बिघडलेला जॉब कुणी 17 तारखेला पुन्हा चालवला, तर तो बिनदिक्कत 16 तारखेची फाइल उचलतो आणि 14 तशीच अर्धवट राहते. त्यात डेटाबेसचं घड्याळ यूटीसीवर असेल, तर आणखी एक गंमत होते. आपल्याकडे 15 तारखेच्या रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात तेव्हा यूटीसीत 14 तारखेची संध्याकाळ असते, सात वाजलेले. म्हणजे ‘आदला दिवस’ निघतो 13. तोच जॉब सकाळी दहाला चालवला, तर आदला दिवस 14. एकच जॉब, वेळेनुसार उत्तर वेगळं. पुन्हा चालवण्याजोगा जॉब घड्याळाकडे पाहत नाही, त्याला सांगितलेला दिवसच तो भरतो.

दिवस नेमका कोणता, हाही प्रश्न आहे. एखाद्या केंद्राचं इंटरनेट 13 तारखेला बंद होतं, म्हणून त्या पावत्या 14 च्या फाइलीत आल्या. जॉब जर दूध घातल्याच्या तारखेनं पुसत असेल, तर 14 ची फाइल पुन्हा भरताना या उशिरा आलेल्या नोंदी पुसल्याच जात नाहीत, कारण त्यांच्यावर तारीख 13 आहे. आणि भरल्या मात्र दुसऱ्यांदा जातात. म्हणून तक्त्यात दोन तारखा वेगळ्या ठेवायच्या: दूध घातल्याची आणि फाइलीची. पुसायचं फाइलीच्या तारखेनं, अहवाल काढायचा दुधाच्या तारखेनं. जेवढं भरतो नेमकं तेवढंच पुसलं जायला हवं. या पद्धतीत बहुतेक घोटाळे याच ठिकाणी होतात.

दुसरा धोका उलट बाजूचा आहे. फाइल रिकामी आली किंवा अर्धीच उतरली, तर? जॉब इमानदारीनं जुना दिवस पुसतो, जागी शून्य नोंदी भरतो आणि हिरवी खूण दाखवतो. म्हणून फाइल पाठवणाऱ्यानं शेवटच्या ओळीत एकूण नोंदी आणि एकूण लिटर लिहून द्यावेत. तात्पुरत्या तक्त्यातली मोजणी त्याच्याशी जुळली, तरच पुसण्याला हात लावायचा. नाही जुळली, तर जॉबनं तिथेच मोठ्यानं फेल व्हावं. ‘मोठ्यानं’ हे मुद्दाम म्हणतो. `psql` ला `ON_ERROR_STOP` सांगितलं नसेल, तर स्क्रिप्टमधली आज्ञा चुकली तरी ते शेवटी सगळं ठीक असल्याचाच निरोप देतं, आणि वेळापत्रक सांभाळणारा प्रोग्राम त्यावर विश्वास ठेवतो. म्हणून जॉब असा चालवायचा:

```
psql -v ON_ERROR_STOP=1 -v d=2025-03-14 -f load.sql
```

एवढं करूनही एक फट राहते. ऑपरेटरनं जॉब पुन्हा चालवला आणि त्याच क्षणी वेळापत्रकानंही आपणहून पुन्हा सुरू केला, तर दोन्ही जॉब पुसतात आणि दोन्ही भरतात. पहिल्यानं नुकतंच भरलेलं दुसऱ्याच्या पुसण्याला दिसत नाही. यासाठी तक्त्यावर एक कायमचा नियम लावून ठेवायचा:

```sql
ALTER TABLE milk_rows ADD CONSTRAINT one_slip
UNIQUE (centre, milk_date, shift, slip_no);
```

एका केंद्रावर, एका दिवशी, एका पाळीत एका क्रमांकाची पावती एकदाच. दुसरा जॉब तीच पावती भरू लागला, की डेटाबेस त्याला नकार देतो आणि त्याचा अख्खा व्यवहार मागे जातो. यात पावती क्रमांक हवाच. दोन किटल्यांच्या दोन पावत्या त्यामुळेच वेगळ्या राहतात. डेटाबेस स्वतः देतो तो चढता क्रमांक इथे कुचकामी आहे, कारण तीच पावती दुसऱ्यांदा आली तरी तो तिला नवाच आकडा देतो.

काही जण पुसण्याच्या भानगडीत न पडता `ON CONFLICT` वापरतात: नोंद आधी असेल तर ती बदल, नसेल तर नवी घाल. फाइल फार मोठी असेल तर ते सोयीचं पडतं. पण केंद्रानं चुकीची पावती रद्द करून सुधारित फाइल पाठवली, तर रद्द झालेली नोंद या पद्धतीत आपल्याकडे तशीच राहते; ती नव्या फाइलीत नाही, म्हणून तिला कुणी हातच लावत नाही. दूध संघासारख्या रोजच्या फाइलींना मी तरी पूर्ण दिवस पुसून भरणंच पसंत करीन.

एका गोष्टीला मात्र यातलं काहीच लागू पडत नाही. सभासदाला गेलेला एसएमएस मागे घेता येत नाही, बँकेकडे गेलेली रक्कम तर नाहीच. ती कामं भरण्याच्या जॉबमध्ये ठेवू नयेत. ती वेगळी, नंतर, आणि कुणाला काय पाठवलं याची नोंद आधी तपासूनच व्हावीत.

तुमच्या कार्यालयात असा जॉब असेल, तर तो सुरक्षित आहे की नाही हे तासाभरात कळतं. चाचणीच्या डेटाबेसात एक दिवस भरा, नोंदी आणि लिटर लिहून ठेवा. तोच दिवस पुन्हा भरा. तिसऱ्यांदा भरताना मध्येच जॉब मारून टाका आणि चौथ्यांदा पूर्ण चालवा. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या वेळेचे आकडे एकच यायला हवेत, आणि तिसऱ्या वेळेनंतर तक्त्यात दुसऱ्या वेळचेच आकडे दिसायला हवेत. यात एका लिटरचाही फरक पडला, तर जॉब दुरुस्त होईपर्यंत ऑपरेटरला तो पुन्हा चालवायला सांगू नका.