अनुस्वार गेला, विसर्ग राहिला

मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशात ‘दुःख’ आणि ‘दुखणें’ असे दोन्ही शब्द सापडतात. पहिल्यात विसर्ग आहे, दुसऱ्यात नाही. आज यातला ‘णें’वरचा अनुस्वार गेला, ‘दुःख’मधला विसर्ग मात्र जागचा हलला नाही.

असे का झाले, याचे उत्तर कानाला मिळते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा नियम (१९७२मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली) प्रामुख्याने अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ यांचे आहेत. ज्या अनुस्वारांचा उच्चार होत नव्हता, त्यांना या नियमांनी रजा दिली. विसर्गाला ती सबब लागू पडत नव्हती. आपण ‘दुक्ख’, ‘अंतक्करण’ असेच म्हणतो. विसर्ग पुढच्या व्यंजनावर आघात देतो. वृत्तातही ‘दुः’ गुरू आहे. विसर्ग पुसला, तर ‘दुख’ ही दोन लघू अक्षरे उरतात आणि अक्षरगणवृत्तातली ओळ लंगडते.

‘दुखणे’, ‘दुखवटा’, ‘दुखावणे’ हे शब्द मराठीत घडत आले, त्यांच्यावर विसर्ग लादायचे कारण नाही. ‘पोट दुःखते’ लिहिणारा अतिशुद्धतेत फसलेला असतो. हिंदीत तत्सम ‘दुःख’ आणि तद्भव ‘दुख’ अशी दोन्ही रूपे चालतात. तिथून ‘दुख’ आपल्या मजकुरातही शिरते. मराठीत मात्र ते नाम म्हणून खटकतेच.

सगळीकडे इतके सरळ नाही. ‘मनःस्थिती’ आणि ‘मनस्थिती’ या दोन्हींना संस्कृत संधिनियमाचा आधार आहे, त्यामुळे ‘मनस्थिती’ लिहिणाऱ्यावर लाल रेघ ओढू नये. ‘पुनर्प्रक्षेपण’चे समर्थन मात्र अवघड: कठोर ‘प’पुढे ‘पुनः’च यायला हवे. तरी ‘पुनर्’ रुळलेच आहे. आणि ‘स्वताः’ ही तर निव्वळ चूक. काना आणि विसर्ग यांची गल्लत.

गेल्या काही दशकांत विसर्गाला खरा धोका नियमांपेक्षा कळफलकाने दिला. दोन टिंबे दिसली की झाले, म्हणून लोक अपूर्णविराम दाबून मोकळे होतात. कागदावर हे खपून जाई. संगणकाला मात्र विसर्ग (U+0903) आणि अपूर्णविराम (U+003A) ही दोन वेगळी चिन्हे आहेत. ‘दु:ख’ असा साठवलेला लेख ‘दुःख’ शोधणाऱ्याला सापडेलच असे नाही आणि अकारविल्हे यादीत तो शब्द भलत्या जागी जाऊन बसतो.

इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून आडव्या रेघेची (-) कळ दाबली की खरा विसर्ग उमटतो. आपल्या जुन्या फायलींत एकदा ‘दु:’ शोधून पाहा आणि सापडेल तिथे बदलून टाका.