सात खांब, पंधरा थर

वास्तुकलेच्या पदवीचं पाचवं वर्ष संपतं ते अंतिम ज्यूरीनं. वर्षभर घडवलेलं डिझाइन मोठ्या शीटवर लावायचं, मॉडेल मांडायचं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या प्रश्नांना उभ्यानं तोंड द्यायचं. आदल्या रात्री कॉलेजच्या आसपासच्या खोल्यांमधले दिवे मालवत नाहीत. पूर्वी त्या रात्री संगणकाला रेंडर लावून द्यायचं आणि चित्र पुरं होईपर्यंत तासन्‌तास डुलक्या काढायच्या. २०२२ मध्ये ‘स्टेबल डिफ्यूजन’ सर्वांसाठी खुलं झालं, तेव्हापासून शब्दांत सूचना लिहून, म्हणजे प्रॉम्प्ट देऊन, मिनिटभरात चित्र मिळू लागलं. त्यामुळे रात्र छोटी होईल असं वाटलं होतं. पुण्यातल्या एका विद्यार्थिनीची रात्र मात्र पहाटेपर्यंत लांबली. कशामुळे, ते सविस्तर सांगण्यासारखं आहे.

तिचा प्रकल्प होता रत्नागिरीजवळच्या एका गावासाठी वाचनालय. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, वर मंगलोरी कौलांचं उतरतं छप्पर आणि उत्तरेला १८ मीटर लांबीची पडवी. पडवीला सात खांब आणि दोन खांबांमध्ये तीन-तीन मीटर अंतर. पावसाचा मारा भिंतीवर येऊ नये म्हणून छप्पर भिंतीबाहेर चांगलं लांबवलेलं. नकाशे, छेद, स्केचअपमधलं मॉडेल, सगळं तयार होतं. राहिलं होतं ते पडवीचं मोठं चित्र. तिचा पहिला प्रॉम्प्ट असा होता:

```
beautiful modern library in Konkan, award winning
architecture, photorealistic, 8k, lush green, golden hour
```

आलेलं चित्र देखणं होतं, पण त्यात काचेच्या भिंती होत्या, विटांचं बांधकाम होतं, पुढे तरणतलावासारखं पाणी होतं. समुद्रकिनाऱ्यावरचं एखादं महागडं रिसॉर्टच. कारण उघड आहे. हे मॉडेल इंटरनेटवरून गोळा केलेल्या कोट्यवधी चित्रांवर आणि त्यांच्या मथळ्यांवर शिकलेलं असतं. ‘सुंदर’, ‘पुरस्कारप्राप्त’ हे शब्द ज्या फोटोंखाली असतात, तिकडेच ते झुकतं. कोकणातल्या चिऱ्याच्या भिंतीचे फोटो त्यात असले तरी तुरळकच असणार. विशेषणं वाढवली की चित्र त्या गावापासून आणखी लांब जातं. ‘काच नको’ असं प्रॉम्प्टमध्ये लिहिलं, तर नकार बाजूला पडतो आणि ‘काच’ हा शब्दच काम करतो. नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी नकारात्मक प्रॉम्प्टची चौकट असते, त्या तिथेच लिहाव्या लागतात.

तिनं विशेषणं काढली आणि इमारतीचा आकार शब्दांवर सोपवणंही सोडलं. २०२३ मध्ये आलेल्या ‘कंट्रोलनेट’ या जोडणीचा इथे उपयोग होतो. मॉडेलचं रेषाचित्र दिलं की नवं चित्र त्याच रेषांना धरून तयार होतं. त्यातला ‘कॅनी’ हा प्रकार चित्रातल्या कडा शोधून त्यांचा सांगाडा बनवतो. तिनं स्केचअपमधून पडवीचा कोन काढून दिला आणि खांब जागेवर आले, पण फरशीवर मधेच दोन तिरक्या पायऱ्या उगवल्या. प्रॉम्प्टमध्ये पायरीचा उल्लेखही नव्हता. ती बराच वेळ शब्दच बदलत राहिली. खरं कारण निर्यात केलेल्या चित्रात होतं. स्केचअपमध्ये सावल्या चालू राहिल्या होत्या, सावलीची कडा कॅनीला रेष दिसली आणि त्या रेषेची पायरी झाली. सावल्या बंद करून नुसत्या रेषांचं चित्र दिल्यावर पायऱ्या गेल्या.

मॉडेल शिकवायला... म्हणजे पुठ्ठ्याचं मॉडेल चिकटवायला आलेली ज्युनिअर मुलगी मागून स्क्रीनकडे बघत होती. ती म्हणाली, “ताई, हे खांब आठ आहेत गं.”

खरंच आठ होते. रेषांची पकड किती घट्ट ठेवायची याचा एक आकडा असतो. दगडाचा पोत मोकळेपणानं यावा म्हणून तिनं तो कमी केला होता, आणि लांबच्या टोकाला, जिथे खांब एकमेकांजवळ दिसतात, तिथे एक खांब वाढला होता. नकाशात सात आणि चित्रात आठ ही चूक परीक्षकाच्या नजरेतून सहसा सुटत नाही. तिनं पकड पुन्हा वाढवली, आणि त्यानंतर प्रत्येक चित्रात खांब मोजायचं काम ज्युनिअरकडे गेलं.

मग आली भिंत. `laterite` लिहिल्यावर लालसर दगड मिळत होता, पण भिंत कशी कोण जाणे अवाढव्य वाटत होती. या टप्प्यावर तिनं जे केलं ते मला फार आवडलं: तिनं थर मोजले. तिच्या छेदात पडवीलगतची भिंत तीन मीटर उंच होती. सांध्यासकट चिऱ्याचा एक थर २० सेंटीमीटर धरला, तर पायापासून वरपर्यंत पंधरा थर भरायला हवेत. चित्रात त्याच्या दुपटीहून जास्त होते. मॉडेलनं रंग जांभ्याचा घेतला होता, माप विटेचं. आणि आपला डोळा थरांवरूनच उंचीचा अंदाज बांधतो, म्हणून भिंत अवाढव्य भासत होती. ‘मोठे चिरे’ लिहून फारसा फरक पडेना, कारण शब्दांतून माप नीट पोचत नाही. अखेर तिनं स्केचअपमध्ये जवळच्या भिंतीवर थरांच्या रेषा स्वतः काढल्या, फक्त जवळच्याच. लांबच्या भिंतीवर त्या इतक्या दाट होतात की कॅनी त्यांचा गोंधळ करतो. पुढच्या चित्रात पंधरा थर आले.

राहिला प्रकाश. `golden hour` मुळे पडवीच्या भिंतीवर तिरपं सोनेरी ऊन पडत होतं. रत्नागिरी १७ अक्षांशावर आहे. हिवाळ्यात तिथला सूर्य दिवसभर दक्षिणेकडे असतो, उत्तरेच्या भिंतीला ऊन लागतच नाही. वाचायला थंड, सारखा उजेड मिळावा म्हणून तर तिनं पडवी उत्तरेला घेतली होती. चित्र तिच्याच डिझाइनला खोटं पाडत होतं. प्रॉम्प्टला दिशा कळत नाहीत. ‘उत्तरेची भिंत’ लिहून काही साधत नाही. तिनं जुलै निवडला. ढगाळ आभाळाखाली ठसठशीत सावल्याच पडत नाहीत आणि लांबवलेलं छप्पर ज्यासाठी आहे तो पाऊसही दिसतो. पहाटे शीटवर गेलेल्या चित्राचा प्रॉम्प्ट असा होता:

```
reading verandah, rough porous dark laterite blocks,
clay tile roof wet with rain, overcast monsoon light,
moss at wall base
negative: brick, glass wall, sunlight, pool
```

यात इमारतीच्या आकाराबद्दल जवळपास काहीच नाही, ते काम रेषांकडे गेलं. शब्दांकडे उरलं ते पोत, ओल आणि उजेड.

ज्यूरीत एका परीक्षकांनी चित्राकडे बोट दाखवून विचारलं, “छपराचं पाणी जातं कुठे?” चित्रात पन्हळ नव्हती, कारण ती मॉडेलमध्येच काढलेली नव्हती. तिनं शेजारच्या छेदावर पन्हळ, उतार आणि खालची दगडी गटार दाखवली. पुढची दहा मिनिटं चर्चा छेदावरच झाली.

यंदा ज्यूरीला उभं राहणाऱ्यांना माझं सांगणं आहे: असं चित्र लावाल तेव्हा त्याच कोनातलं मॉडेलचं रेषाचित्र त्याच्या शेजारी लावा आणि चित्र कशानं केलं ते खाली लिहा. आणि प्लॉटला पाठवण्याआधी नकाशा समोर ठेवून खांब, थर आणि उन्हाची दिशा एकदा दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या.